हातातले, शब्दावरचे आणि आशेवरचे

चि. मनू हिस,


तुमच्या गावच्या यात्रा कमिटीने यंदा हिशेबाची वही तुझ्याकडे सोपवली, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. मागून तुझा निरोप आला, ‘आप्पाआजोबा, कमिटी म्हणते आधी अंदाजपत्रक कर. कॉलेजात शिकले ते कंपनीचं. यात्रेचं कसं करतात?’ पुस्तकातलं मी तुला काय सांगणार? एसटीच्या लेखा शाखेतून निवृत्त होऊन गावी आल्यावर आमच्या कमिटीचं पहिलं लेखी अंदाजपत्रक करायला मी बसलो होतो, तेव्हा काय काय घडलं ते लिहितो. माणसांची नावं घालत नाही. सगळी मंडळी हयात आहेत आणि त्यातली निम्मी मला रोज पारावर भेटतात.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. पाऊस कमी. म्हणून इथली माणसं दोन वाटांनी जगली. काही जण सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरून देशभर पांगले. कोणी कोइमतूरला, कोणी कोलकात्याला. त्यांना आम्ही गलाईवाले म्हणतो. उरलेल्यांपैकी ज्यांना पाणी लाभलं त्यांनी द्राक्षबागा केल्या. चैत्रात नाथाची यात्रा असते तेव्हा गलाईवाले झाडून गावी येतात. यात्रेचा पैसा कुठून येतो आणि कधी येतो, हे या दोन धंद्यांवर ठरतं. हे ध्यानात ठेव, पुढे लागेल.

मला बोलावलं त्याला कारण होतं. आदल्या वर्षीच्या यात्रेचे उरलेले पैसे मागायला मंडपवाला आषाढापर्यंत गावात खेटे घालत होता. शेवटी गावकीत शब्दाला शब्द लागला, खजिनदाराने डायरी सगळ्यांसमोर आपटली आणि ‘दुसरा बघा’ म्हणून तो उठून गेला. खजिनदार दूध डेअरी चालवणारा तरुण, सरळ माणूस. त्याच्या डायरीत एका पानावर यात्रेचा खर्च, पुढच्या पानावर फॅटचे दर, त्यापुढे पुन्हा यात्रा. पण त्याने कुणाचा एक रुपया खाल्ला नव्हता, एवढं मला पहिल्या बैठकीतच कळलं, आणि खजिनदार तोच राहिला. खाणाऱ्याची वही याहून नीट असते.

अध्यक्ष साठीचे, मोठे बागायतदार. ते म्हणाले, “आप्पा, नाथाच्या कामाला कागद कशाला? आजवर कधी काय कमी पडलं न्हाई.” ते खरंच होतं. कमी कधी पडलं नव्हतं. का पडलं नव्हतं, ते आम्हाला पुढे कळलं.

पहिलं काम मी केलं ते पावती पुस्तकं मागवण्याचं. एसटीत कंडक्टरचा हिशेब घेताना आधी पैसे मोजत नसत. तिकिटांचा सुरुवातीचा नंबर बघायचा, शेवटचा बघायचा, त्यावरून किती पैसे यायला हवेत ते ठरायचं आणि मग थैली मोजायची. इथेही तेच. पन्नास-पन्नास पावत्यांची बारा पुस्तकं छापली होती. गोळा झाली दहा. अकरावं मुंबईच्या एका नातलगाच्या कपाटात निघालं, त्यातल्या सात पावत्या फाडलेल्या आणि पैसे पाकिटात तसेच. बारावं सापडलं नाही. ज्याच्या हाती दिलं होतं तो म्हणाला, कोरंच होतं. असेल. पण कोरं पुस्तक हरवलं की ‘किती जमलं’ या प्रश्नाचं खरं उत्तर त्या वर्षापुरतं गेलं. त्यामुळे यंदा पुस्तक देताना नंबर लिहून घेणाऱ्याची सही घ्यायची आणि कोरी पुस्तकंही परत मोजून घ्यायची, हा ठराव अंदाजपत्रकाच्या आधी झाला.

स्थळप्रतींवरून मी दोन गोष्टी काढल्या: किती घरांनी पट्टी दिली आणि कुठल्या तारखेला दिली. तारखेचा रकाना बऱ्याच पावत्यांवर रिकामा होता, पण पावत्या ओळीने फाडतात, त्यामुळे मागच्या-पुढच्या पावतीवरून अंदाज लागला. गावात ४२० उंबरे. पट्टी दिलेली घरं ३१५. त्यातल्या ९० घरांनी यात्रेच्या आधी दिली, १५० घरांनी यात्रेच्या दिवसांत आणि ७५ घरांनी यात्रा उलटल्यावर, तीही दोन-तीनदा दारात गेल्यावर. हे तीन आकडे मी खडूने शाळेच्या फळ्यावर लिहिले. पुढचं सगळं त्यातून निघालं.

आता कमिटीचा तोंडी अंदाज ऐक. यंदा पट्टी हजार रुपये धरायची ठरली होती. ४२० घरं, म्हणजे चार लाख वीस हजार. मैदानात माइकवर देणग्या जाहीर होतात, त्या मागच्या वर्षी दोन लाख चाळीस हजारांच्या झाल्या होत्या. देवळातली दानपेटी साठ हजार. पाळणेवाल्याचे चाळीस हजार. एकूण सात लाख साठ हजार. खर्च साडेसहा लाख. म्हणजे लाखभर उरतात, त्यात कमान बांधू, असं पोरं म्हणत होती.

मी फळ्यावर तीन रकाने केले: हातातले, शब्दावरचे, आशेवरचे. आणि प्रत्येक रक्कम कुठे बसते ते त्यांनाच विचारलं.

पट्टीवर वाद झाला नाही. ३१५ घरं देतात हे स्थळप्रतींनी सांगितलं होतं. १०५ घरांत कोणी म्हातारं एकटं राहणारं, कोणी घर बंद करून गेलेलं, तर कोणी भावकीच्या रागाने न देणारं. तीन लाख पंधरा हजार धरले.

देणग्यांवर मात्र बरीच रात्र गेली. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजत असते, फेटे बांधलेले असतात, माइकवाला एकेकाचं नाव घेत असतो. अशा वेळी माणूस पाचाऐवजी अकरा हजार बोलून जातो. त्याची दानत खोटी नसते. पण चार दिवसांनी तो कोलकात्याला गेला की अकरा हजारांचे पाच होतात, कधी काहीच होत नाही, आणि मागायला कोणी जात नाही कारण तो पाहुण्यासारखा. मागच्या वर्षी जाहीर झाले दोन लाख चाळीस हजार, जमा झाले एक लाख पासष्ट हजार. मी जमा झालेलेच धरले. एक जण चिडून म्हणाला, “म्हंजे माणसाच्या शब्दाला किंमत न्हाई व्हय?” मी म्हटलं, शब्दाला किंमत आहे, म्हणून तर तो वेगळ्या रकान्यात लिहिलाय. पण तमाशाच्या मॅनेजरला शब्द देऊन चालत नाही, त्याला रोख लागते.

दानपेटी मी पूर्ण खोडली. मनू, ही गोष्ट नीट समजून घे, तुमच्याकडेही निघेल. देवळाचा ट्रस्ट नोंदलेला असतो, त्याचे विश्वस्त वेगळे, त्याचा हिशेब दरवर्षी तपासला जातो. पेटीतला पैसा त्या ट्रस्टचा. यात्रा कमिटी ही वेगळी मंडळी, भले त्यातले दोघे-तिघे दोन्हीकडे असोत. वर्षानुवर्षं यात्रेच्या रात्री पेटी उघडायची आणि तीच रक्कम वाजंत्रीला द्यायची, अशी चाल पडली होती. मी विश्वस्तांना भेटलो. त्यांनी रीतसर ठराव करून महाप्रसादासाठी पंचवीस हजार दिले, चेकने. साठाचे पंचवीस झाले, पण त्यांना कागद होता.

त्याच ओघात दुसरी एक गोष्ट निघाली. आमची कमिटी नोंदणीकृत नव्हती. अशा मंडळींनी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. शहरातली गणेश मंडळं ही परवानगी दरवर्षी काढतात. आमच्याकडे ती ऐकूनही कोणाला माहीत नव्हती. तुमच्या कमिटीची नोंदणी आहे का, हे तू सगळ्यात आधी विचार.

खर्चाच्या बाजूला एक रक्कम मी वाढवली, तेव्हा तर सगळे माझ्याकडे बघतच राहिले. महाप्रसादाला ते सत्तर हजार धरत होते. मी एक लाख तीस हजार लिहिले. कारण आमच्याकडे महाप्रसादाचं बरंचसं धान्य लोक घरचं देतात. कोणी तांदळाचं पोतं, कोणी खिरीला खपली गहू, कोणी गुळाच्या ढेपा. ते फुकट आलं म्हणून खर्चात लिहीत नव्हते. तीन हजार माणसं जेवतात. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरला तर तीन क्विंटल लागतो. खिरीला माणशी चाळीस ग्रॅम गहू आणि तेवढाच गूळ, म्हणजे दोन्ही एकशे वीस-एकशे वीस किलो. वर डाळ, तेल, मसाला, गॅस, आचारी. घरून येणाऱ्या धान्याची त्या वेळच्या बाजारभावाने किंमत साठ हजार झाली. ती मी जमेत लिहिली आणि खर्चातही लिहिली. शिल्लक तेवढीच राहते, मग खटाटोप कशाला, असं तूही म्हणशील. पण समजा एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो आणि पोती येत नाहीत. तेव्हा कमिटीला ते रोखीने विकत घ्यावं लागणार. ती जोखीम कागदावर असली पाहिजे.

सगळं लिहून झालं तेव्हा फळा असा दिसत होता. जमा: पट्टी तीन लाख पंधरा हजार, देणग्या एक लाख पासष्ट, ट्रस्ट पंचवीस, पाळणेवाला चाळीस, धान्य साठ, एकूण सहा लाख पाच हजार. खर्च: तमाशा दोन रात्रींचा दोन लाख वीस हजार, कुस्तीचं मैदान दीड लाख, मंडप-लाइट-स्पीकर पंच्याण्णव हजार, महाप्रसाद एक लाख तीस हजार, छबिन्याची वाजंत्री आणि शोभेची दारू सत्तर हजार, छपाई-पाणी-वीज-साफसफाई पंचेचाळीस हजार, एकूण सात लाख दहा हजार. लाखभर उरणार होते तिथे एक लाख पाच हजारांचा खड्डा.

कोणी काही बोलेना. मग मी जरा वाकडा प्रश्न विचारला. मागच्या वर्षीही साधारण असंच असणार, मग तेव्हा हा खड्डा कोणी भरला? मंडपवाल्याचे थोडे राहिले, ते माहीत होतं. बाकीचे?

खजिनदाराने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष खिडकीबाहेर बघत होते.

द्राक्षाचा माल माघ-फाल्गुनात जातो. बागायतदाराच्या हातात गावात सगळ्यात आधी पैसा येतो, नेमका तेव्हा, जेव्हा तमाशाचा विसार द्यायचा असतो. अध्यक्ष कित्येक वर्षं स्वतःच्या खिशातून विसार देत होते. नंतर जमेल तसे पैसे परत घेत, उरलेले सोडून देत. कुठे लिहिलेलं नाही, कोणाला सांगितलेलं नाही. मोठ्या मनाचा माणूस. पण विसार त्यांचा म्हणून फडही त्यांच्याच पसंतीचा येई, मंडपवालाही त्यांच्याच ओळखीचा, आणि बैठकीत कोणी दुसरं नाव काढलं की बाकीचे त्याला गप्प करत. का ते पोरांना कळत नसे. त्यांना वाटायचं, म्हातारा हटवादी आहे.

हे कसं सापडलं, ते तुला दाखवतो, कारण एकूण बेरजेतून ते कधीच दिसलं नसतं. वर्षाची जमा आणि वर्षाचा खर्च जुळला तरी यात्रा अडू शकते. म्हणून दुसरा एक कागद लागतो, त्यात पैसे कधी द्यायचे आणि कधी येणार हे लिहायचं. मी तीन खाने केले: यात्रेआधी, यात्रेच्या दिवसांत, यात्रेनंतर. तमाशा एकाच रात्रीचा केला तर काय होतं, ते धरून मांडलं. यात्रेआधी द्यावे लागणार ते असे: तमाशाचा विसार तीस हजार, मंडपाची उचल पन्नास हजार, छपाई आणि वीजजोडणीची अनामत वगैरे पंचवीस हजार, किराणा चाळीस हजार. एकूण एक लाख पंचेचाळीस हजार. आणि तोवर येतात किती? ज्या ९० घरांनी आधी पट्टी दिली होती त्यांचे नव्वद हजार. पंचावन्न हजार कमी. दुसऱ्या रात्रीचा तमाशा ठेवला की दुसरा विसार, म्हणजे खड्डा आणखी खोल. हाच तो अध्यक्षांचा खिसा.

यात्रेच्या दिवसांत उलट असतं. पैसा धो-धो येतो आणि तसाच जातो. फड उभा राहण्याआधी मॅनेजर उरलेली सुपारी मागतो, त्याशिवाय ढोलकीवर थाप पडत नाही. पैलवानाचं इनाम आखाड्यातच हातावर द्यायचं. वाजंत्रीवाले पहाटे परत निघतात, त्यांना उधारी चालत नाही. या तिघांचे मिळून दोन लाख सत्तर हजार. तेवढ्यात तीन लाख पस्तीस हजार येतात, म्हणून यात्रेच्या रात्री खजिनदाराला वाटतं, चिकार पैसा आहे. त्याच रात्री सगळे चुकीचे होकार दिले जातात. उरलेली देणी नंतरची असतात, मंडपवाल्याची, किराणावाल्याची. ती गरीब माणसं थांबतात म्हणून शेवटी त्यांचंच राहतं.

तुमच्याकडे नारायणगाव जवळ आहे. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपाऱ्या द्यायला जातात, हे तू बघितलं असशील. तुमची मंडळी तिथे जाण्याआधी हा दुसरा कागद त्यांच्या खिशात असला पाहिजे. विसार दिला की अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा पक्का झाला. मग कागद करण्यात अर्थ नाही.

काय कापायचं, यावर पुढची बैठक झाली. मी गप्प बसलो. हिशेबनीसाने इथे मत देऊ नये असं माझं मत आहे. गावाला तमाशा हवा की शोभेची दारू, हे गाव ठरवेल. वस्तादांनी कुस्तीला हात लावू दिला नाही. त्यांचं म्हणणं होतं, मैदान लहान झालं तर चांगले जोड येणार नाहीत, आणि जोड आले नाहीत तर देणग्याही जाहीर होणार नाहीत. ते बरोबर होतं. काही खर्च जमेला ओढून आणतो, तो कापला तर जमाही कापली जाते. पोरं दुसऱ्या रात्रीच्या तमाशासाठी भांडली आणि हरली. त्या रात्री गावच्याच भजनी मंडळाचं भारूड ठेवलं. त्यात एक लाख दहा हजार वाचले. शोभेच्या दारूत तीस हजार कमी केले आणि ते तीस हजार राखीव म्हणून बाजूला लिहिले. खर्च राखीव धरून सहा लाख झाला, जमा सहा लाख पाच.

राहिला यात्रेआधीचा पंचावन्न हजारांचा खड्डा. तो भरायला गलाईवाले कामी आले. त्यांची साठ घरं, आणि ती यात्रेत येऊनच पट्टी देत. त्यांना महाशिवरात्रीला फोन केले, की यंदा पट्टी आधी पाठवा. इथे एक अडचण आली ती तुझ्याही वाट्याला येईल. पैसे पाठवायचे कुठे? मागच्या वर्षी पोरांनी पत्रिकेवर क्यूआर कोड छापला होता, तो खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा. दुधाचे पैसे आणि देवाचे पैसे एकाच खात्यात. पुढे कोणी विचारलं तर बिचारा काय दाखवणार होता? कमिटीच्या नावाने खातं काढण्यात ठराव, सह्यांचे नमुने, पॅन यांत महिना गेला, पण खातं निघालं, दोघांच्या सहीने चालणारं. त्यात सत्तावन्न घरांचे पैसे पाडव्याच्या आधी आले. अध्यक्षांनी त्या वर्षी विसार दिला तो कमिटीच्या पैशातून. फडही बैठकीत मतं घेऊन ठरला. त्यांच्या पसंतीचा नव्हता. दोन दिवस ते पारावर आले नाहीत, मग आले.

एकच नियम आणखी केला. यात्रेच्या दिवसांत राखीव रकमेतून खर्च करायचा तर तिघांच्या सह्या, आणि तीस हजार संपले की कोणाच्याही सहीने नाही. हा नियम मैदानात कसाला लागला. दोन पैलवानांची कुस्ती बराच वेळ रंगली, लोक उठून उभे राहिले, आणि एक उत्साही सदस्य माइकवर ओरडला, ‘कमिटीतर्फे दोघांना पाच-पाच हजार!’ खजिनदार माइकपाशी गेला आणि त्याने शांतपणे विचारलं, “तुमच्यातर्फे म्हणायचंय ना दादा?” मैदान हसलं. दादांनी खिशातून दहा हजार काढून दिले. आदल्या वर्षी अशा पाच कुस्त्या कमिटीच्या नावावर पडल्या होत्या, हे मला नंतर वस्तादांनी सांगितलं.

यात्रा झाली. आता हिशेब. पट्टी ३३८ घरांनी दिली, आधी पैसे मागितल्याचा तो परिणाम. देणग्या मात्र एक लाख बावन्न हजारच आल्या, अंदाजापेक्षा तेरा हजारांनी कमी. महाप्रसाद रोखीत चौदा हजारांनी वाढला. पूर्वी अशा वाढीवर ‘माणसं जास्त जेवली’ एवढं उत्तर असायचं. आता कागदावर दिसत होतं की साठ हजारांऐवजी अठ्ठेचाळीस हजारांचंच धान्य आलं, म्हणून बारा हजारांचा तांदूळ-गूळ विकत घ्यावा लागला. माणसं जास्त जेवली ती फक्त दोन हजारांची. तमाशाच्या रात्री वीज गेली आणि जनरेटरला आठ हजार गेले. राखीवातले बावीस हजार असे संपले. सगळी देणी भागवून तेवीस हजार खात्यात राहिले आणि मंडपवाल्याला त्याचे पंचेचाळीस हजार यात्रेनंतर आठवड्याच्या आत मिळाले. तो पुढच्या वर्षी भाव कमी करून आला. पैसे वेळेवर मिळणार असतील तर धंदेवाला बुडिताची भर भावात घालत नाही. अंदाजपत्रकाने खर्च कमी होतो, तो असा आडवाटेने.

अंदाज आणि प्रत्यक्ष, असे दोन रकाने शेजारी-शेजारी लिहून तो कागद देवळाच्या भिंतीवर लावला. लोक वाचतील असं मला वाटलं नव्हतं. बायका वाचत होत्या. एका आजींनी त्यांच्या घरच्या गुळाच्या ढेपा लिहिल्यात का ते बघून घेतलं. धान्य देणारी घरं बहुतेक बायकांच्या शब्दावर देतात, आणि आजवर त्यांचं नाव कुठल्याच पावतीवर आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षीपासून धान्याचीही पावती फाडायला लागलो. कमिटीत मात्र अजून एकही बाई नाही. तुमच्या गावाने वही तुझ्याकडे दिली, त्या बाबतीत तुमचं गाव आमच्या पुढे आहे.

आता तुझ्या कामाचं. अंदाजपत्रकाचा नमुना माझ्याकडे मागू नकोस, आमचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. तुमच्याकडे बैलगाड्यांची शर्यत असेल तर तिचा खर्च आणि परवानगी हे वेगळंच प्रकरण आहे, ते मला ठाऊक नाही, जाणत्याला विचार. तू आधी मागच्या वर्षीची पावती पुस्तकं मोज. किती छापली, किती परत आली, आणि किती घरांनी यात्रेआधी पैसे दिले, एवढे तीन आकडे काढ आणि मला कळव. तोवर तुमच्या अध्यक्षांना निरोप दे की विसार देऊ नका.

तुझे,
आप्पाआजोबा